आधी काय घडलं, नंतर काय

१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी चारनंतर काही मिनिटांतच अमेरिकेतल्या आठ राज्यांच्या मोठ्या भागातली आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातली वीज गेली. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या जिथल्या तिथे थांबल्या, उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये माणसं अडकली, डेट्रॉइट आणि क्लीव्हलँडमध्ये पाण्याचा पुरवठा अडखळला. सुमारे पाच कोटी लोकांना फटका बसला. पहिल्या काही तासांत दोन्ही देशांतले पुढारी एकमेकांच्या हद्दीकडे बोट दाखवत होते. त्याच आठवड्यात 'ब्लास्टर' नावाच्या व्हायरसनं जगभरचे संगणक हैराण केले होते, त्यामुळे हा घातपात तर नाही ना, अशीही शंका निघाली.

दोन्ही सरकारांनी मिळून चौकशी पथक नेमलं. या पथकापुढे पुराव्यांची टंचाई नव्हती, उलट ढीग होता. वीजकंपन्यांच्या नियंत्रण कक्षांतल्या संगणकांच्या नोंदी, उपकेंद्रांतल्या रेकॉर्डरनी टिपलेले आलेख, वीजनिर्मिती केंद्रांचे लॉग, टेलिफोनवरच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं, असं सगळं हाताशी होतं. तारा तुटणं, ब्रेकर उघडणं, जनित्रं बंद पडणं अशा आठशेहून जास्त घटना क्रमानं लावायच्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक सहा-सात मिनिटांत घडलेल्या होत्या. प्रत्येक नोंदीवर वेळही छापलेली होती. वेळेनुसार कागद एकाखाली एक लावले की गोष्ट आपोआप उलगडेल, असं कुणालाही वाटेल.

तसं झालं नाही, कारण वेळा एकमेकांशी जुळत नव्हत्या. एकाच ब्रेकरची घटना एका कंपनीच्या नोंदीत एका क्षणी होती, तर शेजारच्या कंपनीच्या नोंदीत दुसऱ्याच क्षणी. सगळी घड्याळं अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जोडलेली नव्हती. घटनाक्रमाची पहिली अधिकृत यादी १२ सप्टेंबरला, म्हणजे जवळजवळ महिन्यानं जाहीर झाली. कारणमीमांसा सुरू होण्याआधी कुठली नोंद खऱ्या कुठल्या क्षणाची आहे, हे ठरवणंच मोठं काम होऊन बसलं होतं. संगणकाच्या लॉगवरून तपास करणाऱ्या कुणालाही, मग तो बँकेतल्या फसवणुकीचा असो, सर्व्हरवरच्या घुसखोरीचा असो की वीज गेल्याचा, सुरुवातीला याच भिंतीवर डोकं आपटावं लागतं.

क्रमाला एवढं महत्त्व का, हे त्या दुपारच्या तीन तारांवरून नीट कळतं. ओहायो राज्यात क्लीव्हलँडच्या परिसरातल्या ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या. चेंबरलिन-हार्डिंग वाहिनी ३ वाजून ५ मिनिटं ४१ सेकंदांनी गेली, हॅना-जुनिपर ३ वाजून ३२ मिनिटं ३ सेकंदांनी आणि स्टार-साउथ कँटन ३ वाजून ४१ मिनिटं ३५ सेकंदांनी. पहिली वाहिनी बंद पडली तेव्हा तिच्यावर क्षमतेच्या फक्त ४४ टक्के भार होता. दुसरी गेली तेव्हा ८८ टक्के आणि तिसरी गेली तेव्हा ९३ टक्के.

आता हाच क्रम घड्याळांच्या घोळामुळे उलटा लागला असता तर? चेंबरलिन-हार्डिंग शेवटी गेली असं दिसलं असतं, तर 'भार फार झाला म्हणून तारा एकामागून एक कोसळल्या' असा निष्कर्ष निघाला असता आणि तो पटलाही असता. खरा क्रम हाती आल्यावर मात्र प्रश्न बदलला. निम्म्याहून कमी भार असलेली तार गेलीच कशी? उत्तर जमिनीवर होतं. तारेखालची झाडं वेळेवर छाटलेली नव्हती आणि तारेचा फांदीला स्पर्श झाला होता. पहिली तार गेल्यावर तिचा भार इतरांवर गेला, त्या तापून खाली ओघळल्या आणि त्याही झाडांना टेकल्या. पुढे ४ वाजून ५ मिनिटं ५७ सेकंदांनी सॅमिस-स्टार ही वाहिनी गेली आणि मग सगळं हाताबाहेर गेलं. जबाबदारी भारावर टाकायची की न छाटलेल्या झाडांवर, हे तारा कोणत्या क्रमानं गेल्या यावर ठरलं.

वेळा न जुळण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे कालक्षेत्र, म्हणजे टाइम झोन. ओहायोतली वीजकंपनी ॲक्रन शहरातून कारभार पाहत होती. तिच्यावर देखरेख करणारी प्रादेशिक संस्था इंडियाना राज्यातल्या कार्मेल गावात होती. दोन्ही ठिकाणं नकाशावर फार दूर नाहीत. पण त्या काळी इंडियानाच्या बहुतेक भागात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत नव्हती. ती २००६ मध्ये आली. त्यामुळे ॲक्रनमध्ये चार वाजले असताना कार्मेलमध्ये तीनच वाजलेले असत. कार्मेलच्या संगणकाचं एक महत्त्वाचं विश्लेषण त्या दिवशी ॲक्रनच्या वेळेनुसार सव्वाबारापासून बिघडलं होतं, म्हणजे कार्मेलच्या भिंतीवर तेव्हा सव्वाअकरा होते. नोंद वाचणाऱ्यानं हा तास विसरला तर गोष्टीला सुरुवातीलाच फाटा फुटतो.

याला उपाय एकच आहे. तपासाला बसताक्षणी सगळ्या नोंदी एकाच मापात आणायच्या. ते माप म्हणजे यूटीसी, जगभरची समन्वित वेळ. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे आणि न्यूयॉर्क-ओहायोची उन्हाळी वेळ चार तास मागे. सॅमिस-स्टारची ४:०५:५७ ही वेळ यूटीसीत रात्री ८ वाजून ५ मिनिटं ५७ सेकंद होते. आपल्याकडे तोच क्षण १५ ऑगस्टच्या रात्री दीड वाजून गेल्यावरचा आहे. इथे तासच नव्हे, तारीखही बदलते. भारतातल्या आणि अमेरिकेतल्या नोंदी शेजारी ठेवणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. शिवाय अमेरिकेशी आपलं अंतर वर्षभर सारखं राहत नाही. न्यूयॉर्कशी ते उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. घड्याळ मागे घेतात त्या रात्री तिथे एक ते दोन हा तास दोनदा येतो. त्या रात्रीची दीड वाजताची नोंद पहिल्या दीडची की दुसऱ्या दीडची, हे नुसत्या वेळेवरून कळतच नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे अनेक यंत्रं आपलं कालक्षेत्र सांगतच नाहीत. खालच्या दोन ओळी एकाच घटनेच्या आहेत.

```
Aug 14 15:05:41 srv1 link down
2003-08-14T15:05:41-04:00 srv1 link down
```

पहिली ओळ जुन्या धाटणीची आहे. राउटर, फायरवॉल आणि जुन्या सर्व्हरवर ती आजही दिसते. तिच्यात वर्ष नाही आणि ही वेळ कुठली तेही नाही. दुसरीत `-04:00` लिहिलेलं असल्यानं यूटीसीपेक्षा चार तास मागे हे लगेच समजतं. तिथे `+05:30` असेल तर ती आपली वेळ आणि `Z` असेल तर ती थेट यूटीसी. पहिल्या प्रकारची नोंद हाती आली तर त्या यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन कालक्षेत्र पाहावं लागतं. आणि घटनेच्या दिवशीही तेच होतं का, हेही विचारावं लागतं, कारण मधल्या काळात कुणीतरी ते बदललेलं असू शकतं.

कालक्षेत्राची चूक मोठी असली तरी ओळखायला सोपी असते. दोन नोंदींतला फरक बरोबर एक तास, चार तास किंवा साडेपाच तास आला, तर ती कालक्षेत्राची करामत आहे. फरक पाच तास सदतीस मिनिटं आणि काही सेकंद असा अडनिडा आला, तर साडेपाच तास कालक्षेत्राचे म्हणून बाजूला काढायचे. उरलेली सात-एक मिनिटं घड्याळाच्या चुकीची असतात आणि तपासाचा खरा घाम तिथे निघतो.

प्रत्येक यंत्रात क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारं घड्याळ असतं. हा स्फटिक सेकंदाला ठरावीक वेळा थरथरतो, मनगटी घड्याळात ३२,७६८ वेळा. कारखान्यातून बाहेर पडलेला साधारण स्फटिक १० लाखांत २० इतका इकडे-तिकडे असतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण त्याचे दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, महिन्याला पाऊण मिनिटापेक्षा जास्त आणि वर्षाला दहा मिनिटं. यात तापमानाचीही भर पडते. हे स्फटिक सुमारे २५ अंश सेल्सिअसला सर्वांत बरोबर चालतात. त्याहून गरम झाले काय किंवा थंड झाले काय, मंदच होतात. ४५ अंशांच्या पेटीत असा स्फटिक दिवसाला आणखी सेकंदभर मागे पडतो. जिन्याखालच्या बंद कपाटात वर्षानुवर्षं तापत असलेल्या यंत्राचं घड्याळ मागे पडलेलं आढळलं, तर त्यात आश्चर्य नाही.

इंटरनेटला जोडलेले संगणक एनटीपी नावाच्या व्यवस्थेनं दूरच्या प्रमाणित घड्याळाला वेळ विचारून आपलं घड्याळ सरळ करत राहतात. ही व्यवस्था चालू असेल तर चूक सहसा सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात राहते. ती बंद पडली, फायरवॉलनं अडवली किंवा मुळात कुणी सुरूच केली नाही, तर घड्याळ निमूटपणे सरकत जातं. यंत्राचं बाकी काम व्यवस्थित चालू असल्यानं कुणाच्या लक्षातही येत नाही.

२००३ च्या चौकशीत आणखी एक फसवा प्रकार समोर आला. काही नोंदींवरची वेळ घटना घडल्याची नव्हती, तर तिची खबर मुख्य संगणकापर्यंत पोहोचल्याची होती. पत्र ज्या दिवशी लिहिलं तो दिवस वेगळा आणि पोस्टाचा शिक्का पडला तो वेगळा, तसं. नियंत्रण कक्षाचा संगणक दूरच्या उपकेंद्रांना काही सेकंदांच्या फेरीनं 'काय नवीन?' असं विचारत असतो. शांत दिवशी एवढ्या उशिरानं बिघडत नाही. पण एका मिनिटात शेकडो ब्रेकर उघडू लागले की खबरींची रांग लागते आणि शिक्के मागाहून पडतात. घड्याळ अगदी अचूक असलं तरी वेळ चुकते. म्हणून तपास करणाऱ्यानं प्रत्येक नोंदीला विचारायचं असतं की ही वेळ घटनेजवळच्या यंत्रानं लावली, की गोळा करणाऱ्यानं?

ॲक्रनमध्ये तर याहूनही बिकट अवस्था होती. तिथल्या नियंत्रण कक्षाची, धोक्याचा इशारा देणारी आणि नोंद ठेवणारी प्रणाली दुपारी सव्वादोनच्या सुमारास गप्प पडली होती आणि ते तिथल्या कर्मचाऱ्यांना बराच वेळ कळलंच नाही. २ वाजून २७ मिनिटांनी स्टार-साउथ कँटन वाहिनी क्षणभर बंद होऊन पुन्हा जोडली गेली. शेजारच्या कंपनीनं पाच मिनिटांनी फोन करून त्याबद्दल विचारलं, तर ॲक्रनच्या पडद्यावर कसलीच सूचना नव्हती. पुढे चौकशीत ॲक्रनचा तो तुटलेला धागा शेजाऱ्यांच्या नोंदींवरून आणि फोनच्या ध्वनिमुद्रणांवरून जोडावा लागला. एखाद्या लॉगमध्ये काहीच नसणं म्हणजे काही घडलं नाही असं नव्हे. तो लॉग त्या वेळी जिवंत होता का, हे आधी पाहावं लागतं.

मग विश्वास कशावर ठेवायचा? या क्षेत्रातली माणसं दोन यंत्रांनी एकाच वेळी पाहिलेली घटना शोधतात. विजेच्या जाळ्यात ही सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. एका वाहिनीच्या दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांत रेकॉर्डर असतात आणि बिघाड होताच ते सेकंदाला हजारो मापं घेतात. तारेला झाड टेकलं की दोन्हीकडच्या आलेखांत व्होल्टेज एकाच क्षणी खचतं. त्यातल्या एका रेकॉर्डरला जीपीएस उपग्रहांकडून वेळ मिळत असेल आणि दुसऱ्याचं घड्याळ भरकटलेलं असेल, तर दुसऱ्याचा आलेख पहिल्यावर ठेवून खाच खाचेवर येईपर्यंत सरकवायचा. जितका सरकवावा लागला तितकी त्या घड्याळाची चूक. ती एकदा मिळाली की त्या रेकॉर्डरच्या आसपासच्या सगळ्या नोंदी तेवढ्याच सरकवता येतात. जाळ्याच्या फ्रिक्वेन्सीतले चढउतारही असेच उपयोगी पडतात, कारण ते सगळीकडे दिसतात. मात्र फ्रिक्वेन्सीतला धक्का शेकडो किलोमीटर दूर पोहोचायला सेकंदाचा काही भाग लागू शकतो. म्हणून बारीक जुळणीसाठी जवळच्या बिघाडाचा व्होल्टेजचा खड्डाच जास्त भरवशाचा.

संगणकांच्या जगातही असे समाईक क्षण असतात. एका जोडणीची नोंद फायरवॉल करतो आणि पलीकडचा सर्व्हरही करतो. एक ईमेल वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरचा शिक्का घेऊन पुढे जातो. दरवाज्याला लावलेलं कार्ड आणि त्या दरवाज्यावरचा कॅमेरा एकाच माणसाला पाहतात. अशा जागांना आपण खुंट्या म्हणू. तपासाची सगळी दोरी त्यांनाच बांधायची असते.

हे प्रत्यक्षात कसं चालतं, ते दाखवायला मी एक प्रकरण रचतो. पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यातून ३ मे रोजी मोठी रक्कम परस्पर गेली. मंजुरी लेखापालाच्या संगणकावरून दिली गेली होती. बँकेच्या नोंदीत मंजुरीची वेळ `13:14:05Z` आहे. `Z` कडे दुर्लक्ष करून कुणी ही दुपारची सव्वा वाजताची घटना समजला, तर तो जेवणाच्या सुट्टीतलं चित्रण तपासत बसेल आणि सगळी जागा रिकामी पाहून भलतीकडेच जाईल. साडेपाच तास मिळवल्यावर खरी वेळ निघते संध्याकाळी ६ वाजून ४४ मिनिटं ५ सेकंद. कंपनीच्या फायरवॉलमध्ये बँकेशी झालेली तीच जोडणी ६:४४:०३ ला आहे. फायरवॉल एनटीपीशी जोडलेला असल्यानं दोन्हींची साक्ष जुळते, दोन सेकंदांचा फरक काळजीचा नाही.

आता प्रश्न उरतो की त्या वेळी लेखापाल खुर्चीवर होते का. बाहेर पडताना कार्ड लावावं लागत नाही, त्यामुळे सगळी भिस्त सीसीटीव्हीवर. चित्रणात ते दरवाज्यातून बाहेर पडताना पडद्यावर ६:३६:०० दिसते. म्हणजे मंजुरीच्या आठ मिनिटं आधीच ते गेले. पण डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का? त्या दिवसाचं चित्रण कंपनीनं लगेच उतरवून ठेवलं होतं. मात्र उतरवताना डीव्हीआर किती वाजले असं दाखवतोय, हे कुणीच टिपून ठेवलं नाही. तपास करणारा २० जूनला सकाळी तिथे गेला. खरे १०:००:०० वाजले असताना डीव्हीआर ९:४६:४० दाखवत होता, म्हणजे ८०० सेकंद, तेरा मिनिटं वीस सेकंद मागे. तेवढे मिळवले तर लेखापाल ६:४९:२० ला बाहेर पडले असं ठरतं. म्हणजे मंजुरीच्या वेळी ते जागेवर होते. गुन्हा जवळजवळ सिद्ध झाल्यासारखाच.

पण २० जूनची चूक ३ मे रोजीही तेवढीच होती, हे कुणी सांगितलं? मागे पडणारं घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडत असतं. त्या दिवशीची चूक हवी तर त्या दिवशीची खुंटी हवी. ती त्याच चित्रणात सापडते. सकाळी एक कर्मचारी दरवाज्याला कार्ड लावताना दिसतो, डीव्हीआरवर ९:२६:११. कार्डांची प्रणाली एनटीपीशी जोडलेली आहे आणि तिच्या नोंदीत तेच कार्ड ९:३३:०७ ला आहे. फरक ४१६ सेकंद. ३ मे ते २० जून या ४८ दिवसांत चूक ४१६ वरून ८०० वर गेली, म्हणजे घड्याळ दिवसाला आठ सेकंद मागे पडत होतं. सकाळच्या खुंटीपासून संध्याकाळपर्यंतच्या नऊ तासांत आणखी तीन सेकंद. म्हणजे ४१९ सेकंद, सहा मिनिटं एकोणसाठ सेकंद.

```
18:36:00 + 00:06:59 = 18:42:59
```

लेखापाल खऱ्या वेळेनुसार ६:४२:५९ ला दरवाज्याबाहेर गेले आणि मंजुरी त्यानंतर ६६ सेकंदांनी झाली. निकाल फिरला. त्यांच्या मागे त्यांच्या संगणकावर कोण होतं किंवा बाहेरून त्यात कोण शिरलं होतं, हा पुढचा प्रश्न.

एवढ्यावर थांबून चालत नाही. चूक एका सरळ रेषेत वाढत गेली, हे आपण गृहीत धरलं. मध्येच कुणी घड्याळ हातानं लावलं असेल किंवा वीज जाऊन आतली छोटी बॅटरी दगा देऊन गेली असेल, तर रेषा मोडते. म्हणून त्याच दिवसाची आणखी एक खुंटी तपासायची. दुपारी दुसऱ्या कर्मचाऱ्याचं कार्ड प्रणालीत १:०२:२० ला आहे आणि चित्रणात १२:५५:२३ ला. फरक ४१७ सेकंद. दिवसाला आठ सेकंदांच्या हिशोबानं त्या वेळी तेवढाच यायला हवा होता. तेव्हा कुठे आकड्यावर वजन ठेवता येतं. कार्ड टेकण्याचा क्षण आणि चित्रातली हालचाल यांत दोनेक सेकंद इकडे-तिकडे होऊ शकतात, बँक आणि फायरवॉल यांत आणखी दोन. चार-पाच सेकंदांच्या या अनिश्चिततेपुढे ६६ सेकंदांचं अंतर भरपूर आहे. अंतर तीन सेकंदांचं असतं, तर 'क्रम सांगता येत नाही' असं स्पष्ट लिहिणं हेच प्रामाणिक उत्तर ठरलं असतं. अहवालात ही ओळ लिहायला अनेकांना जड जातं. मला मात्र तीच ओळ तपास करणाऱ्याची खरी परीक्षा वाटते, कारण पलीकडे कुणाची तरी नोकरी, अब्रू किंवा तुरुंग टांगणीला लागलेला असतो.

संगणकांवर एक गोष्ट आणखी सांभाळावी लागते. एनटीपी दीर्घकाळ बंद राहून पुन्हा सुरू झाली की संगणकाचं घड्याळ एकदम उडी मारू शकतं, कधी पुढे, कधी मागे. मागे मारली तर लॉगमध्ये नंतरची घटना आधीच्या वेळेवर नोंदली जाते. अशा वेळी नोंदींचे अनुक्रमांक पाहावेत. ते सरळ वाढत असतील आणि वेळ मात्र मागे गेली असेल, तर उडी तिथेच आहे. विंडोजच्या सुरक्षा लॉगमध्ये घड्याळ बदललं की `4616` क्रमांकाची नोंद पडते आणि तिच्यात आधीची व नंतरची अशा दोन्ही वेळा असतात. ती उडीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींना दोन वेगळी घड्याळं मानूनच दुरुस्ती करायची. ही नोंद मुद्दामही तपासावी. पाठीमागच्या तारखेचा बनाव रचणारा माणूस आधी घड्याळालाच हात लावतो.

या सगळ्यात मूळ नोंदींना धक्का लावायचा नाही. यंत्रानं लिहिलेली वेळ जशीच्या तशी ठेवायची. शेजारी नव्या रकान्यांत यूटीसीतली वेळ, लावलेली दुरुस्ती, ती कुठल्या खुंटीवरून काढली आणि तिच्यात किती सेकंद इकडे-तिकडे होऊ शकतात, हे लिहायचं. उद्या न्यायालयात किंवा दुसऱ्या तज्ज्ञासमोर हिशोब पुन्हा करून दाखवायची वेळ आली, तर प्रत्येक पायरी उघडी असली पाहिजे.

२००३ च्या चौकशीचा अंतिम अहवाल एप्रिल २००४ मध्ये आला. घातपाताचा पुरावा पथकाला सापडला नाही. अहवालातल्या शिफारशींमध्ये सगळे रेकॉर्डर एका वेळेशी जोडलेले असावेत, अशी एक स्वतंत्र शिफारस होती. आज उत्तर अमेरिकेच्या वीजजाळ्यातल्या अशा रेकॉर्डरची घड्याळं यूटीसीपासून २ मिलिसेकंदांच्या आत ठेवणं नियमानं बंधनकारक आहे. भारतात सायबर सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांना आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितली आहेत. लॉग १८० दिवस सांभाळणंही बंधनकारक केलं आहे. कार्यालयातल्या संगणकाचं घड्याळ खरोखर कुणाशी जोडलेलं आहे, हे पाहायला विंडोजवर एक ओळ पुरते.

```
w32tm /query /status
```

उत्तरात स्रोत म्हणून `Local CMOS Clock` दिसलं, तर ते यंत्र कुणालाही वेळ विचारत नाही, आपल्या स्फटिकावरच चाललं आहे. ते जोडून घ्यायला सांगा.

हे निर्देश कंपन्यांपुरते असले, तरी सीसीटीव्ही आता सोसायट्यांत, दुकानांत आणि शाळांतही आहे आणि बहुतेक डीव्हीआर कुठल्याही प्रमाणवेळेशी जोडलेले नसतात. आपल्या सोसायटीत चोरी किंवा अपघात झाला आणि चित्रण उतरवून पोलिसांना द्यायची वेळ आली, तर त्याआधी डीव्हीआरच्या पडद्याशेजारी सेकंदासह वेळ दाखवणारा मोबाइल धरा आणि दुसऱ्या मोबाइलनं दोन्ही वेळा एकाच फोटोत टिपा. मोबाइलला वेळ नेटवर्ककडून मिळते, त्यामुळे तो सहसा अचूक असतो. डीव्हीआरचं घड्याळ मात्र चित्रण उतरवून होईपर्यंत दुरुस्त करू नका. आधी फोटो, मग चित्रण, आणि घड्याळ त्यानंतर.